कुर्डुवाडीच्या बाकड्याचं गाणं

एखादी जुनी आठवण डोळ्यांसमोर आणा. शक्यतो रेल्वे स्टेशनवरची. लहानपणी सुट्टीत आजोळी निघालात तेव्हाची, किंवा शिक्षणासाठी पहिल्यांदा घर सोडलं त्या दिवसाची. चित्र नीट स्थिर होऊ द्या आणि मग एकच गोष्ट तपासा: त्या चित्रात तुम्ही स्वतः दिसता का? अनेकांना आपण स्वतः दिसतो. हातात पिशवी घेतलेली, तेल लावून चापून बसवलेले केस असलेली, आईचा पदर धरून उभी असलेली एक लहान आकृती. पण तुमचे डोळे तर त्या आकृतीच्या चेहऱ्यात होते. तुम्ही स्वतःला बाहेरून पाहूच शकत नव्हता. मग हे दृश्य पाहिलं कुणी?

हा प्रश्न मला अजूनही थक्क करतो. फ्रॉइडनं १८९९ मध्येच ही गोष्ट टिपली होती. बालपणीच्या आठवणीत माणूस स्वतःलाच एक मूल म्हणून बाहेरून पाहतो, याचा अर्थ ती आठवण जशीच्या तशी साठवलेली नसून मागाहून पुन्हा घडवलेली आहे, असं त्याचं म्हणणं. पुढं १९८३ मध्ये जॉर्जिया नायग्रो आणि अल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आपापल्या आठवणी कोणत्या जागेवरून दिसतात हे विचारून पाहिलं. ताज्या आठवणी माणसाला बहुधा स्वतःच्या डोळ्यांतून दिसतात, आणि आठवण जितकी जुनी तितकी ती बाहेरून दिसण्याची शक्यता जास्त, असं त्यांना आढळलं. त्याच अभ्यासात आणखी एक बारकावा होता. ‘तेव्हा काय वाटलं’ याकडे लक्ष दिलं की माणूस आपल्या डोळ्यांत परत जातो. ‘तेव्हा काय काय होतं, कोण कुठं होतं’ याकडे लक्ष दिलं की तो बाहेर येऊन स्वतःकडे पाहू लागतो.

म्हणजे जुन्या आठवणीत आपल्यापासून चार पावलांवर एक साक्षीदार उभा असतो, आणि तो कोण हे आपल्याला ठाऊक नसतं. अशा आठवणींच्या गाण्यात फलाटावरच्या जुन्या बाकड्याला बोलतं करायचं ते यासाठी. ते त्या साक्षीदाराच्या जागेवर खरोखरच होतं. गतकाळाच्या ओढीचं गाणं लिहायला माणसाचा आवाज सोडून लाकडाचा आणि बिडाचा आवाज घेणं ही चमत्कृती वाटेल, पण मन जुन्या काळाकडे ज्या कोनातून पाहतं तोच हा कोन आहे. गाणारा बाकडं झाला की ऐकणारा आपोआप चित्राच्या आत जाऊन बसतो.

मराठीत या युक्तीला मोठी परंपरा आहे. एकनाथांनी भारुडांत किती जणांच्या तोंडून बोलून घेतलं आहे! जोशी, गोंधळी, आंधळा, बहिरा. प्रत्येकाची बोलण्याची रीत निराळी आणि प्रत्येकाला दिसणारं जग निराळं. पण आपल्या हाताशी त्याहून जवळचा नमुना असतो तो शाळेतल्या निबंधाचा: फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त, जुन्या वडाचं मनोगत. तो आपण सगळ्यांनी लिहिलेला असतो, आणि त्याची सवय गाण्यात फार आड येते. त्या निबंधातलं पुस्तक जन्मापासून सुरुवात करतं, आपली सगळी कहाणी क्रमानं सांगतं, त्याला सगळं माहीत असतं, सगळं समजतं, आणि शेवटी ते मुलांना उपदेश करतं. थोडक्यात, ते पुस्तकाच्या पुठ्ठ्यात बसलेले गुरुजी असतात. गाण्यातलं बाकडं असं सर्वज्ञ झालं की गाणं तिथंच संपतं. म्हणून गाणं लिहिण्याआधीचं पहिलं काम म्हणजे बाकड्याला काय कळू शकतं आणि काय कळू शकत नाही याची हद्द आखणं.

त्यासाठी बाकडं कुठं आहे हे ठरवावं लागतं. ‘एका लहानशा स्टेशनवर’ एवढ्यानं भागत नाही. मी कुर्डुवाडी निवडते. सोलापूर जिल्ह्यातलं हे जंक्शन मुंबई–सोलापूर मोठ्या मार्गावर आहे, आणि इथूनच बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी सुटायची. १८९७ मध्ये ती इथून बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढं फाटे वाढत गेले आणि १९२७ पर्यंत एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून थेट मिरज असा तिचा पसारा झाला. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. शेजारच्या मोठ्या मार्गाचं साडेपाच फूट. दोन्ही मापांचे रूळ एका गावात आले की गाडी बदलावी लागते, आणि गाडी बदलायची म्हणजे थांबावं लागतं. पुण्याहून पंढरपूरला निघालेला माणूस इथं उतरणार, सामान घेऊन छोट्या गाडीच्या फलाटावर जाणार आणि वाट पाहणार. बाकड्यासाठी याहून योग्य जागा नाही. मग या शतकाच्या पहिल्या दशकात हा मार्ग टप्प्याटप्प्यानं रुंद झाला आणि छोटी गाडी गेली. आपलं बाकडं त्या छोट्या गाडीच्या फलाटावरचं आहे असं धरू. ते मी कल्पनेनं तिथं ठेवते आहे. भोवतालचं सगळं मात्र खरं आहे.

आता त्याची हद्द. पाय बिडाचे, बसायला आणि टेकायला सागवानी फळ्या, वर रंगाचे थर. अशा वस्तूला डोळे नाहीत, तेव्हा तिच्या तोंडी ‘मी पाहिलं’ हे शब्द जपून घालावेत. तिला सगळ्यात चांगलं काय कळतं? वजन. कोण बसलं, किती जण बसले, टेकून बसले की कडेला टेकल्यासारखे, कोण उठलं. त्यानंतर ऊब: बिडाला पहाटेचा गारठा लगेच कळतो, लाकडाला माणसाची ऊब उशिरा कळते आणि तो उठून गेल्यावरही थोडा वेळ राहते. त्यानंतर स्पर्श: हाताच्या घासानं गुळगुळीत झालेली कड, कुणी चाकूनं कोरलेलं अक्षर. आणि शेवटी जवळचं बोलणं, तेही तुटक. याउलट गाडी कुठं गेली, गेलेला माणूस पोचला का, परत आला तो तोच होता का, यांतलं काहीही बाकड्याला कळत नाही. प्रत्येक गोष्टीचा फक्त मधला तुकडा त्याच्या वाट्याला येतो. हे अज्ञान गाणाऱ्यानं जिवापाड जपावं, कारण ऐकणाऱ्याला शिरायला जागा तिथंच मिळते.

एक गंमत मराठी व्याकरणानंच करून ठेवली आहे. बाकडं नपुंसकलिंगी, पण ‘मी’ म्हटलं की मराठी क्रियापद विचारतं, तू पुरुष की स्त्री? मी बसतो, मी बसते. तिसरं रूप नाही. गाण्यात बाकडं ‘मी थांबतो’ म्हणालं की लगेच त्याला मिशा फुटतात, ‘मी थांबते’ म्हणालं की पदर येतो. यातून सुटायचं तर बाकड्याला कर्ता होऊच द्यायचं नाही. मला कळलं, माझ्यावर बसले, माझ्यापाशी ठेवलं. अशा वाक्यांत क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग विचारत नाही, आणि त्याच वेळी बाकड्याचा स्वभावही अचूक उतरतो: त्याच्या आयुष्यात ते काही करत नाही, सगळं त्याच्याबाबतीत घडतं.

मग चाल. आगगाडीचं गाणं म्हटलं की आपल्या कानात एक ठरलेला ठेका सुरू होतो, खडाक-खडाक, खडाक-खडाक. तो येतो रुळांच्या सांध्यांमधून. जुन्या पद्धतीच्या मार्गावर दर रुळाच्या टोकाला बारीक फट ठेवलेली असते, कारण उन्हानं लोखंड वाढतं. बारा मीटरचा रूळ तापमानातल्या तीस अंशांच्या फरकानं सुमारे चार मिलिमीटर लांबतो. डब्याखालच्या चाकांच्या दोन जोड्या त्या फटीवरून पाठोपाठ जातात म्हणून आवाज जोडीनं येतो. सोलापूरकडच्या उन्हाळ्यात दुपारी फटी जवळजवळ मिटतात आणि आवाज मवाळ होतो. डिसेंबरच्या पहाटे फटी उघडतात आणि तोच आवाज टणक होतो. हे कळल्यापासून हिवाळ्यातल्या गाड्या मला वेगळ्या ऐकू येतात.

पण तो एकसारखा ठेका प्रवाशाचा आहे, बाकड्याचा नव्हे. डब्यात बसलेल्याला मैलोन् मैल एकच लय मिळते. फलाटावरच्या बाकड्याला मात्र गाडी ऐकू येते ती थांबताना किंवा निघतानाच. गाडी ताशी तीस किलोमीटरनं येत असेल तर सेकंदाला आठेक मीटर कापते, म्हणजे बारा मीटरच्या रुळावर दर दीड सेकंदाला एक ठोका. वेग निम्मा झाला की तीन सेकंदांना एक, मग सहा, मग शांतता. निघताना हेच उलट. बाकड्याच्या संगीतात स्थिर लय नसतेच. विरत जाणारी लय, मध्ये मोठं मौन, आणि पुन्हा घट्ट होत जाणारी लय, एवढंच असतं. म्हणून या गाण्याला झुकझुक गाडीचा द्रुत ठेका लावणं चुकीचं. आणि आता नव्या मार्गांवर रूळ लांबच लांब जोडलेले असल्यामुळं तो आवाजही फारसा उरलेला नाही. ज्यांनी तो ऐकला आहे अशा पिढ्या संपत जाणार, हे कळून चाल बांधताना हात जरा जपून चालतो.

छंद मी मोठ्या अभंगाचा घेते. पंढरपूरच्या वाटेवरच्या बाकड्यानं वर्षानुवर्षं दुसरं ऐकलं तरी काय असणार? अभंगात मात्रा मोजत नाहीत, अक्षरं मोजतात. चार चरण: पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा फक्त चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. जोडाक्षर एकच धरायचं. आता यातली जादू पाहा. तीनदा सहाची सवय झालेल्या कानाला चौथ्यांदाही सहाच हवी असतात, आणि मिळतात चार. दोन अक्षरांची जागा रिकामी राहते. भजनी ठेक्यात आठ मात्रांचं एक आवर्तन एका चरणाला दिलं तर पहिल्या तीन चरणांत अक्षरं पुरतात आणि चौथ्यात ती लांबवावी लागतात, किंवा टाळ-मृदंगाला वाट करून द्यावी लागते. कुणीतरी उठून गेल्यावर बाकड्यावर जी मोकळी जागा उरते ती या छंदात मोजून दाखवता येते.

सुरुवात ध्रुवपदापासून करायची. ध्रुवपद म्हणजे जे हलत नाही ते, आणि इथं न हलणारं तर आपलं बाकडंच आहे. पण प्रत्येक कडव्यानंतर तेच शब्द परत येणार असतील तर त्या शब्दांत दरवेळी निराळा अर्थ भरायला जागा हवी. पहिल्यांदा सहज हाताला येतं ते असं काहीतरी: ‘किती आठवणी, माझ्या उरामध्ये’. अक्षरं बरोबर सहा-सहा आहेत, पण उपयोग नाही. बाकड्याला ऊर नाही. आणि ‘आठवणी’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याचं काम आपणच उरकून टाकलेलं असतं. नायग्रो आणि नायसर यांच्या अभ्यासातला बारकावा इथं कामाला येतो: भावनेचं नाव घेतलं की माणूस बाहेरच्या जागेवरून आत खेचला जातो. म्हणून या गाण्यापुरता मी एक नियम पाळते. आठवण, ओढ, अश्रू, हुरहुर, यांतला एकही शब्द येऊ द्यायचा नाही. बाकडं फक्त आपल्या कामाचं बोलेल. त्याचं काम काय? बसायला जागा देणं.

बसा क्षणभर ।
येईल ती गाडी ।
जागा आहे थोडी ।
माझ्यापाशी ॥

अक्षरं मोजून पाहा, सहा, सहा, सहा, चार. यमक गाडी आणि थोडी. पहिल्या वेळी हे निव्वळ आतिथ्य आहे. गाडीला उशीर झाला आहे, बसा. ‘येईल’ हा भविष्यकाळ तेव्हा अगदी साधा वाटतो. पुढं तो तसा राहणार नाही.

पहिलं कडवं ओळखीचं:

पाय बिडाचे हे ।
फळ्या सागवानी ।
ऊन आणि पाणी ।
पचवलं ॥

आत्मवृत्तातला जन्म, कारखाना, लाकूडतोड्या हे सगळं गाळलं. चार चरणांत शरीर आणि काळ एवढंच. आता खरं काम दुसऱ्या कडव्यात, आणि तिथं मराठीनं आपल्याला दिलेली एक विलक्षण सोय वापरायची आहे: ‘यायचे’, ‘बसायचे’, ‘गायचे’ हा रीतिभूतकाळ. एखादी गोष्ट एकदा झाली असं तो सांगत नाही. ती पुन्हा पुन्हा होत असे असं सांगतो, आणि त्या सगळ्या वेळा एकात वितळवून टाकतो. मनही असंच करतं. आजोळच्या दहा सुट्ट्या दहा वेगळ्या आठवणी म्हणून उरत नाहीत. एकच लांब, सोनेरी सुट्टी उरते, जिच्यात आंबे, विहीर आणि पत्ते एकाच दुपारी असतात.

आषाढीच्या आधी ।
टेकायचे टाळ ।
कुशीतलं बाळ ।
झोपायचं ॥

दरवर्षी वारकरी यायचे, गाडीची वाट पाहत टाळ बाकड्याला टेकवून ठेवायचे. पण ‘कुशीतलं बाळ झोपायचं’ यातलं बाळ कोणतं? दरवर्षी ते दुसरं असणार. आधीच्या वर्षीचं आता चालत असणार, त्याच्या आधीचं शाळेत जात असणार. बाकड्याला मात्र वजन कळतं, आणि झोपलेल्या तान्ह्याचं वजन दरवर्षी तेवढंच असतं. म्हणून बाकड्यापुरतं ते बाळ कधी मोठं झालंच नाही. कडवं लिहून झाल्यावर हे माझ्या ध्यानात आलं आणि मी थबकले. आईला मुलांविषयी जे वाटत राहतं ते इथं बाकड्याच्या तोंडून, काहीही वाटल्याचं न सांगता, आलं आहे.

मात्र गाणं सगळंच ‘-यचे’मध्ये चाललं तर ते मऊ पडतं. ऐकणारा सुखावतो आणि हळूहळू ऐकायचा थांबतो. गतकाळाचा चटका बसायला त्या वितळलेल्या काळातून एकच घटना वर यावी लागते, जी परत कधी झाली नाही. तिथं साधा भूतकाळ लागतो आणि ‘एकदा’ हा शब्द लागतो.

एकदा बसले ।
बाप आणि लेक ।
उरला तो एक ।
गाडी गेली ॥

या कडव्यात घटनांचा क्रम पाहा. माणूस ही गोष्ट सांगेल तेव्हा म्हणेल, गाडी गेली आणि बाप एकटा उरला. बाकडं उलट सांगतं, कारण त्याला आधी वजन कळतं. लेक उठली, फळीवरचा भार निम्मा झाला. गाडी सुटल्याचं नंतर कळलं. निरोपाच्या वेळी खरंच असं होतं. गाडी हलते तेव्हा सगळे खिडकीशी असतात, पण सोडून जाणं घडलेलं असतं त्याच्या आधीच, सामान उचलून ती उठते त्या क्षणी. लेक कुठं चालली होती? सासरी, लातूरला कॉलेजात, की दवाखान्यात? बाकड्याला माहीत नाही, आणि लिहिणाऱ्यानंही ठरवू नये. पुढं तिचं पत्र आलं, ती मोठी बाई होऊन परतली, असं जोडकडवं लिहायचा मोह फार होतो. ते लिहिलं की बाकडं सर्वज्ञ झालं आणि गुरुजी परत आले. या कडव्यानंतर ध्रुवपद आलं की ‘जागा आहे थोडी’ हे शब्द एकदम जड होतात. जागा आहे, कारण एक जण उठून गेलं आहे.

आता उरला छोट्या गाडीचा शेवट. इथं थोडं मागं, युरोपात जावं लागेल. १६८८ मध्ये बाझेलच्या योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं घराच्या ओढीची नोंद चक्क आजार म्हणून केली. घरापासून दूर असलेले स्विस तरुण झुरत, खाणंपिणं सोडत, आणि घरी नेलं की बरे होत. पुढं १७६८ मध्ये रूसोनं आपल्या संगीतकोशात स्विस गुराख्यांच्या एका धुनेविषयी लिहिलं की ती ऐकून परदेशी लढणारे स्विस सैनिक रडत, पळून जात, म्हणून फौजेत ती वाजवायला बंदी होती. त्याचं पुढचं निरीक्षण मला त्याहून मोलाचं वाटतं: ही ताकद त्या सुरांत नाही, कारण परक्या माणसावर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. सूर फक्त खूण म्हणून काम करतात. बाकी सगळं ऐकणाऱ्याच्या गतायुष्यातून येतं.

होफरचे रुग्ण घर सोडून गेलेले होते. आपलं बाकडं कुठंच गेलेलं नाही. ते जागेवरच आहे आणि घर त्याला सोडून गेलं आहे: अडीच फुटी रूळ उखडले, फलाट वाढवला, गाडी निराळी आली. गाव न सोडताही गावाला मुकलेली किती माणसं आपल्या ओळखीची असतात! त्यांना परत नेऊन बरं करता येत नाही, कारण परत जायला जागाच नाही. हे दुःख बाकड्याइतकं नेमकं दुसरं कोण बोलणार?

रूळ झाले रुंद ।
फलाट वाढला ।
हात नाही आला ।
ओळखीचा ॥

इथंही मोह आवरावा लागतो. नव्या गाडीला दोष द्यायचा, जुनं तेवढं चांगलं म्हणायचं, हे फार सोपं आहे आणि खोटंही. रुंद मार्गानं लोकांचा वेळ वाचला, गाडी बदलण्याचा त्रास गेला, पंढरपूरला थेट जाता येऊ लागलं. बाकड्याला मत नसतं. त्याला एवढंच कळतं की कड धरून उठणारे हात आता निराळे आहेत. बाकड्याची तक्रार सुरू झाली की ऐकणारा वाद घालू लागतो, आणि वाद घालणारा माणूस आठवत नसतो.

आणि मग शेवटचं ध्रुवपद, शब्द तेच. ‘येईल ती गाडी’. आता मात्र ती गाडी यायची नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे आणि बाकड्याला नाही. सबंध गाण्याचा भार या एका जाणिवेवर आहे, म्हणून गायकानं इथं आवाजात काहीही भरू नये. स्वर कापवला, लय मुद्दाम रेंगाळवली, तर बाकड्याला सगळं समजलं असा अर्थ होतो आणि भार निसटतो. पहिल्या वेळी ज्या सहज आतिथ्यानं म्हटलं होतं तसंच म्हणावं. बदल करायचाच तर फक्त ठेक्यात करावा: चौथ्या चरणाच्या रिकाम्या मात्रांत इतका वेळ टाळ होते, शेवटच्या वेळी तिथं वाद्य ठेवू नये आणि आवर्तन मोजून पूर्ण होऊ द्यावं.

गाणं जमलं की नाही हे ओळखायची एक रीत मला भरवशाची वाटते. कुर्डुवाडी कधी न पाहिलेल्या, छोट्या गाडीत कधी न बसलेल्या माणसाला ते ऐकवावं, आणि विचारावं काहीच नाही. त्यानं बाकड्याची कीव केली तर बाकडं कुठंतरी माणसासारखं बोललं आहे. बहुधा एखादं भावनेचं नाव राहून गेलेलं असतं, ते शोधून काढावं. त्यानं शब्दांचं कौतुक केलं तर यमक नको तितकं पुढं आलेलं असतं. आणि तो एकदम आपल्याच गावच्या एस्टी स्टँडविषयी, कोकणातल्या एखाद्या धक्क्याविषयी किंवा दादरच्या पुलाखालच्या एखाद्या कोपऱ्याविषयी बोलू लागला, तर त्याला मध्ये थांबवू नये. कुणाचं वजन त्याच्या शेजारून उठून गेलं होतं, ते तो आता सांगणार असतो.